अगं, काकांना नमस्कार कर!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाहुणा दाराशी येण्याआधी इंटरकॉम वाजतो. ‘‘मॅडम, पाहुणे आलेत, पाठवू का?’’ तिथपासून बेल वाजेपर्यंत लिफ्टच्या मर्जीनुसार तीन-चार मिनिटं मिळतात. ती मी सोफ्यावरचे कपडे बेडरूममध्ये भिरकावण्यात घालवायचे. मग दार उघडायचं आणि चार वर्षांच्या मनूला पुढे ढकलायचं. ‘‘काकांना नमस्कार कर!’’

मनू माझ्या कुर्त्यात तोंड खुपसायची. मी ओशाळून म्हणायचे, ‘‘एरवी किती बडबडते हो!’’ पाहुणे म्हणायचे, ‘‘लाजाळू आहे वाटतं.’’ हे तिनं इतक्यांदा ऐकलं की एकदा नेरूळच्या मामांना तिनं स्वतःच सांगितलं, ‘‘मी लाजाळू आहे,’’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लाजाळू माणसाला हे असं ठणकावून कसं सांगता येतं, हा प्रश्न वेगळा.

एकदा तिच्या उंचीवर बसून दाराकडे पाहिलं. आधी पट्टा दिसतो, मग पोट, आणि खूप वर कुठेतरी मिशी. तीही खाली खाली येत असते. मीही लपले असते.

मग आम्ही बेल-बेल खेळायला लागलो. मी बाहेर जाऊन बेल वाजवायची, तिनं दार उघडायचं. नंतर भूमिका बदलायच्या. एकदा ती आई झाली आणि अस्वलाला पुढे ढकलत म्हणाली, ‘‘बोल ना! एरवी किती बडबडतोस!’’ आवाज हुबेहूब माझा. त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर ‘बोल ना’ बंद केलं.

आता इंटरकॉम वाजला की कपडे राहतात सोफ्यावर. मी मनूला सांगते, ‘‘फणसाचे गरे आणणारे काका येतायत. नमस्कार करायचा, टाळी द्यायची की नुसता हात हलवायचा, तू ठरव. आणि चपला कुठे काढायच्या ते तू दाखवायचं.’’ दारात ‘‘नमस्कार, या!’’ मी म्हणायचं आणि पुढे जीभ दाताखाली धरायची. हे फार अवघड आहे, विशेषतः सासूबाई डोळ्यांनी ‘वाकायला सांग’ असं खुणावत असताना.

परवा काका आले. मनूनं न बोलता रॅककडे बोट दाखवलं. काका ‘‘लाजा…’’ एवढं म्हणाले, तोच मी पोहे पुढे केले. दहा मिनिटं ती पडद्याआडून पाहत होती. पोहे निम्मे संपल्यावर अस्वल घेऊन आली, त्याचे दोन्ही पंजे जोडले आणि म्हणाली, ‘‘आमचा नमस्कार.’’ सासूबाईंनी आशीर्वाद दिला, तोही आधी अस्वलाला.

झोप अपुरी झाली असेल तर मात्र यातलं काही चालत नाही. तेव्हा पाहुण्यांना पोहे आणि मनूला बेडरूम.

काल बेल वाजली आणि मी पोहोचेपर्यंत मनूनं दार उघडलं होतं. कुरियरवाला आमच्या सोफ्यावर, कपड्यांशेजारी, अनवाणी बसला होता. हातात पाण्याचा ग्लास.

‘‘ताई,’’ तो कसनुसा म्हणाला, ‘‘सही पाहिजे होती.’’