धावण्याआधी नीट जन्माला या

फन रनमध्ये भाग घ्यायचाय? उत्तम. बूट, सराव, झोप या किरकोळ गोष्टी मागाहून बघू. आधी स्वतःची जन्मतारीख तपासा. नोंदणीचा दिवस आणि धावायचा दिवस यांच्या मधोमध तुमचा वाढदिवस येत असेल, तर तुमच्या आईवडिलांनी नियोजनात घोळ घातलेला आहे आणि तो आता तुम्हालाच निस्तरायचा आहे.

आमच्या ताईचा वाढदिवस असाच अडचणीच्या जागी आला. फन रनच्या आठ दिवस आधी तिला साठ पूर्ण होणार होती. नोंदणी केली तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची. फॉर्ममध्ये वयोगट होते 45 ते 59 आणि 60 व पुढे. वय कोणत्या तारखेला धरायचं, याबद्दल फॉर्मवर अवाक्षर नाही. जन्मतारीख भरली की वयोगटाचा रकाना आपोआप भरला जायचा. तो भरला गेला, 45 ते 59. राखाडी रंगात, कुलूप लावलेला. कितीही बोटं आपटा, ढिम्म हलत नाही.

अशा वेळी नियम शोधायच्या फंदात पडू नका, कारण नियम खरंच सापडतात आणि मग त्रास वाढतो. ॲथलेटिक्समध्ये 35 च्या पुढच्या मास्टर्स खेळाडूंसाठी वाढदिवस होऊन गेलाय की नाही हे बघतात. वीस वर्षांखालच्या गटात मात्र त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला किती वय असेल ते बघतात. दोन्ही पद्धती सुखानं नांदतात, कारण कोणती लागू ते आधी सांगितलेलं असतं. रस्त्यावरच्या शर्यतींत सर्रास धावायच्या दिवशीचं वय धरतात. आमच्या फॉर्मनं आणखी पुढची मजल मारली होती. ज्या क्षणी पैसे भराल, त्या क्षणीचं वय! म्हणजे लवकर नोंदणी केली की सवलतही मिळते आणि तारुण्यही टिकतं.



पैसे भरण्याआधी सगळा तपशील एकदा नजरेखालून घालावा, असा जुनाट सल्ला कोणी देईल. घाला की. तसं पान दाखवलं तर घाला. आमच्याकडे ‘पुढे’ दाबल्यावर थेट पैसे कापले गेले आणि लगेच मेल आला, ‘एकदा पैसे भरल्यावर तपशिलात बदल करता येणार नाही.’ टी-शर्टचा साइज मात्र कधीही बदला. त्याला वेगळं बटण आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. हा खरा व्यायाम. हेल्पडेस्कला मेल करा, ओळखपत्राची प्रत जोडा. तिकीट क्रमांक येईल. मग शांतता. मग पुन्हा तीच प्रत मागतील, ती पुन्हा पाठवा. शेवटी ‘आपली विनंती पूर्ण झाली’ असा मेल येईल, आणि इथे तुम्ही खूश व्हायचं. आम्ही झालो. लॉगिन करून पाहिलं तर ताईच्या नावापुढे 60 व पुढे. फक्त छातीवर लावायचा बिब नंबर तोच होता, 4217.

आता यात काय बिघडलं, असं विचाराल. बिब नंबर असेच हवेतून पडत नाहीत. या फन रनमध्ये प्रत्येक वयोगटाला एकेक मालिका होती. 4 नं सुरू होणारे नंबर 45 ते 59 चे, 6 नं सुरू होणारे साठीच्या पुढचे. एका ठरावीक तारखेला यादी गोठवतात, बिब छपाईला जातात, आणि नंबर, नाव, लिंग, वयोगट अशी यादी टायमिंगवाल्यांकडे रवाना होते. बिबच्या पाठीमागे जी चिप चिकटवलेली असते, तिला फक्त नंबर कळतो. शेवटच्या रेषेवरच्या मॅटनं तो वाचायचा आणि बाकीची कुंडली त्या यादीतून काढायची. म्हणजे दुरुस्तीचे मार्ग दोनच. नंबर तोच ठेवून टायमिंगच्या यादीत वयोगट बदला, नाहीतर योग्य मालिकेतला जादा ठेवलेला बिब द्या आणि तो नंबर त्या यादीत माणसाच्या नावावर चढवा. दोन्हीकडे त्या यादीला हात लावावाच लागतो. वेबसाइटवर बदल करून भागत नाही, ती फक्त तुमचं समाधान करण्यापुरती असते.

म्हणून बिब घेताना मी विचारलं, “टायमिंगच्या यादीत काय आहे?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ती यादी आमच्याकडे नसते.” मग त्यानं ताईचं ओळखपत्र पाहिलं, “बरोबर आहे काकू तुमचं,” म्हणाला, जाड काळा मार्कर उचलला आणि 4217 च्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 60+. वर फुंकर मारून शाईही वाळवून दिली. मॅट चिप वाचतो रे बाळा, मार्कर नाही वाचत!

निकाल लागला. ताई 45 ते 59 मध्ये, कुठेतरी मधे. साठीच्या पुढच्या गटात तिसऱ्या आलेल्या बाईंचा चिप टाइम ताईपेक्षा मिनिटभराहून जास्त. व्यासपीठावर फोटोही निघून गेले होते. तक्रार केली तर उत्तर आलं, “अहो, फन रन आहे, एन्जॉय करा.”

बरं. एन्जॉयच करायचं होतं, तर वयोगट विचारलात कशाला? पदकं छापलीत कशाला? व्यासपीठ उभारलंत कशाला? पैसे घेताना शर्यत असते आणि चूक दाखवली की लगेच मजा होते, ही कुठली पद्धत? आणि ही फक्त आमच्या ताईची रड नाही. खरं तर चौथ्या आलेल्या त्या बाईंच्या हातात तिसऱ्या क्रमांकाचं पदक दिलंत, आणि 45 ते 59 मध्ये ताईच्या मागून आलेल्या प्रत्येकीला विनाकारण एक क्रमांक खाली ढकललंत. त्यांना तर ते माहीतही नाही.

उपरोध पुरे. आयोजकहो, सरळ सांगतो. फॉर्मवर एवढंच छापा, ‘वय धावण्याच्या दिवशीचं धरलं जाईल,’ आणि हिशोब त्याच तारखेनं करा. पैसे घेण्याआधी माणसाला त्याचा वयोगट दाखवा. यादी कोणत्या तारखेला गोठणार ते जाहीर करा आणि तोवर दुरुस्ती उघडी ठेवा. त्यानंतर आलेल्या दुरुस्त्या एका कागदावर घेऊन टायमिंगवाल्यांच्या हातात द्या, आणि त्यांनी त्या चढवल्या की नाही ते विचारा. तेही राहिलं, तर निकाल आधी तात्पुरता म्हणून लावा आणि हरकती घ्या. चिपची वेळ कुठे पळून जात नाही. वयोगटाचा एक रकाना बदलून क्रमांक पुन्हा लावायचे असतात, बस्स. हे ‘आता काही करता येणार नाही’ म्हणणं निव्वळ आळशीपणा आहे. आणि काउंटरवरच्या त्या पोरांना पुढे करून स्वतः लपू नका. शिव्या ती खातात, यादी तुमच्याकडे असते.