डेकची रांग आणि एका ‘बरोबर’च्या चिन्हाचा छळ

प्रोग्रामिंगचा हा प्रश्न वाचायला दोन ओळींचा आहे, आणि दोन ओळींचे प्रश्न दिसले की मला आधी घाम फुटतो. आकड्यांची एक रांग दिलेली असते. पहिल्या घरातून निघायचं, शेवटच्या घरात पोचायचं, एका उडीत जास्तीत जास्त k घरं पुढे जायचं. ज्या घरात पाय टेकेल त्यातला आकडा पदरात पडतो. बेरीज होईल तेवढी मोठी हवी. उणे आकडेही पदरातच पडतात, ‘हे आम्हाला नको’ म्हणायची सोय नाही.

हे घ्या उदाहरण. घरं शून्यापासून मोजू.

```
a = [5, -1, -2, -9, -8, 6, -7],  k = 3
```

माणसाचा पहिला विचार हावरट असतो: समोरच्या तीन घरांतलं त्यातल्या त्यात बरं घर गाठायचं. शून्यावरून समोर -1, -2, -9 दिसतात, म्हणून आपण -1 वर जातो. तिथून -2, -9, -8 दिसतात, म्हणून -2 वर. मग 6, आणि शेवटी -7, कारण तिथे जायचंच आहे. बेरीज 1. आता घर 0 वरून सरळ घर 2 वर उडी मारा, तिथून 5 वर, मग 6 वर: 5 - 2 + 6 - 7, म्हणजे 2. हावरटाने -1 ला ‘स्वस्त’ म्हणून उचललं, पण त्याची गरजच नव्हती. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेल्या वस्तूंचा हिशेब असाच लागतो.

म्हणून प्रत्येक घरासाठी ‘इथपर्यंतची उत्तम कमाई’ लिहून ठेवायची. तिला dp[i] म्हणू. ती a[i] अधिक आधीच्या k घरांतली सर्वात मोठी dp. बस, एवढंच. गोम त्या ‘सर्वात मोठी’ शब्दांत आहे. प्रत्येक घरासाठी मागची k घरं पुन्हा चाळायची ठरवली, आणि घरं एक लाख नि k ही तेवढाच असला, तर सुमारे पाचशे कोटी तुलना होतात. प्रोग्राम चुकीचा नसतो, फक्त उत्तर येईपर्यंत आपण वेळमर्यादेच्या पलीकडे गेलेलो असतो.

इथे डेक येतो. दोन्ही टोकांना दार असलेली रांग. तिचा कायदा ऐकायला निर्दय आहे, पण मला तो अत्यंत न्याय्य वाटतो. समजा, तुमच्यानंतर कोणी आला आणि तो तुमच्याइतकं किंवा जास्त कमावून आला. तो तुमच्यापेक्षा उशिरा बाद होणार. मग पुढच्या कुठल्याही घराने तुम्हाला का निवडावं? कधीच निवडणार नाही. तेव्हा तुम्ही रांगेत उभे राहून करणार काय? मागच्या दाराने निघा. दुसरा नियम वयाचा: जो k घरांहून मागे पडला, तो कितीही श्रीमंत असो, पुढच्या दाराने बाहेर. म्हणून रांग पुढून मागे उतरत्या कमाईची राहते आणि सर्वात मोठा नेहमी पहिला उभा असतो. शोधायला जावंच लागत नाही.

आपल्या उदाहरणात पाहा. घर 1 ची कमाई 4, घर 2 ची 3, घर 3 ची -4. सगळे उतरत्या क्रमाने आले, म्हणून रांगेत 0, 1, 2, 3 गुण्यागोविंदाने उभे आहेत. घर 4 ची पाळी आली. त्याला 1 च्या मागचं काही दिसत नाही, म्हणून पाच रुपयांचे धनी असलेले 0 महाराज मुदत संपून गेले. पुढे 1 उभा, कमाई 4. तर घर 4 ला 4 - 8, म्हणजे -4. मागे घर 3 ही -4 घेऊनच उभं आहे, बरोबरी झाली, तरी नवा जास्त टिकणार म्हणून 3 गेलं. रांग उरली 1, 2, 4. घर 5 ला 1 ची मुदत संपते, पुढे 2 येतो, 3 + 6 = 9. आता मागून सफाई: 4 गेला, 2 गेला, रांगेत एकटा 5. घर 6 ला 9 - 7, उत्तर 2.

```python
from collections import deque

def best(a, k):
    dp = [0] * len(a)
    dp[0] = a[0]
    dq = deque([0])
    for i in range(1, len(a)):
        if dq[0] < i - k:
            dq.popleft()
        dp[i] = a[i] + dp[dq[0]]
        while dq and dp[dq[-1]] <= dp[i]:
            dq.pop()
        dq.append(i)
    return dp[-1]
```

प्रत्येक घर रांगेत एकदाच शिरतं आणि फार तर एकदाच बाहेर पडतं. आतला `while` बघून दचकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: लाख घरांना एकूण हालचाली दोन लाखांच्या आत. पुढच्या दाराला `while` ऐवजी `if` पुरतो, कारण मागच्या k घरांची खिडकी दर फेरीत एकच घर सरकते, म्हणून एका वेळी एकाचीच मुदत संपू शकते. आणि रांग वाचताना कधीच रिकामी नसते: i-1 नुकताच मागे येऊन उभा राहिलेला असतो.

आता छळाची गोष्ट. रांगेत कमाई नाही, घराचा क्रमांक ठेवायचा. कमाई ठेवली तर पुढचा गृहस्थ कधी बाद झाला हे कळायला मार्ग नाही. पण ही चूक निदान लवकर दिसते. खरा दगा `dq[0] < i - k` मधल्या चिन्हात आहे. घाईत `<=` लिहिलं, की i-k हे हक्काचं घरही हाकललं जातं आणि प्रोग्राम गुपचूप k ऐवजी k-1 चा प्रश्न सोडवतो. आपल्या उदाहरणात उत्तर 2 च्या जागी -6 येतं. ना तक्रार, ना लाल अक्षरं. आकडा इतक्या आत्मविश्वासाने छापला जातो की आपण आधी प्रश्नावर संशय घेतो, मग मित्रावर, मग पायथॉनवर. ही चूक पकडायची तर k = 1 देऊन बघा: रांग लगेच रिकामी होते आणि `IndexError` येतो. k = 1 ला दुसरा मार्गच नसतो, सगळ्या घरांची बेरीज हेच उत्तर, म्हणून ती चाचणी फुकटची आहे.

मागच्या दाराचं `dq and` विसरलात तर दोष उशिरा उघडतो. आपल्या उदाहरणात घर 5 येईपर्यंत सगळं सुरळीत, आणि तिथे दोघे बाहेर पडून रांग रिकामी झाली की कोसळतं. उतरत्या कमाईचीच उदाहरणं तपासणाऱ्याला तो दोष जन्मात दिसणार नाही.

आणखी एक भाऊबंद आहे, त्याच्याशी गल्लत फार होते. त्यात कुठूनही सुरुवात, कुठेही शेवट, फक्त निवडलेल्या दोन शेजारी घरांतलं अंतर k पर्यंत. तिथे मागची उत्तम कमाई उणे असेल तर ती सोडून नव्याने संसार मांडता येतो, म्हणून `a[i] + max(0, dp[dq[0]])`, आणि उत्तर शेवटच्या घराचं नव्हे, सगळ्या dp मधलं सर्वात मोठं. आपल्या आकड्यांना तिथे उत्तर 9 येईल, कारण -7 वर जायची सक्तीच नाही. हा `max(0, ...)` आमच्या प्रश्नात चिकटवला तर उणे कर्ज माफ होतं, आणि पहिल्या घरात -5 असला तरी तो कुठेतरी हवेत विरतो.

पायथॉनची साधी यादी घेऊन `pop(0)` लिहिणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की पहिला गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात. कमाई सगळी उतरती आणि k पन्नास हजार असला, की रांगेतल्या पन्नास हजार जणांना दर फेरीला हलावं लागतं.