जिनिंगच्या गेटच्या आत ट्रॅक्टर आणि मोटार वाहन कायदा

फिरत असलेला मेसेज असा आहे:

"कंपाउंडच्या आत मोटार वाहन कायदा लागत नाही. जिनिंग, बाजार समिती, कॉलेज, कॉलनी या खासगी जागा आहेत. तिथं लायसन, इन्शुरन्स, आरसी काहीच लागत नाही, पोरगं लहान असलं तरी गेटच्या आत ट्रॅक्टर चालवू शकते. सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये हेच सांगितलं. आत अपघात झाला तर केस होत नाही, आपसात मिटवून मोकळं व्हा. सगळ्या कास्तकार भावांना पाठवा."

मी जिल्हा कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवतो. कापसाचा हंगाम लागला की हा मेसेज माझ्याही फोनवर येतो, आणि दरवर्षी मला त्याची जास्त भीती वाटते. कारण त्यातली थोडी गोष्ट खरी आहे आणि तेवढ्याच जोरावर बाकीचं खपून जातं.

आधी सुप्रीम कोर्टाचा निकाल. असा निकाल आहे, ऑगस्ट २०२५ चा. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात माल ठेवायचं एक यार्ड आहे. एका कंत्राटदार कंपनीची ३६ वाहनं फक्त त्या यार्डात काम करत होती आणि आंध्र प्रदेश सरकारनं त्यांच्यावर मोटार वाहन कर लावला होता. कोर्टानं पाहिलं की यार्डाला चहूबाजूंनी भिंत आहे, गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे आणि सामान्य माणसाला आत जायचा हक्क नाही. जे वाहन सरकारी रस्ता वापरतच नाही, त्याच्याकडून रस्ता वापरण्याचा कर कसा घ्यायचा, असा तो विचार होता. कर परत करायला सांगितला. लायसन, विमा किंवा अपघात हा त्या खटल्यात प्रश्नच नव्हता. आणि आपल्याकडचं कोणतं जिनिंग असं आहे, जिथं दिवाळीनंतर सशस्त्र पहारेकरी पास तपासून एकेकाला आत सोडतात?

आता "खासगी जागा" या शब्दाकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३४) मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या आहे. त्यात सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारलेलं नाही. रस्ता असो, गल्ली असो की दुसरी कुठली जागा असो, लोकांना तिथं जायचा हक्क आहे का, एवढंच विचारलेलं आहे. प्रवासी गाडी जिथं माणसं चढवते-उतरवते ती जागाही त्यात धरली आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही व्याख्या जवळपास हीच होती, आणि तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्ये पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या खटल्यात निकाल दिला. खासगी मालकीची जागा असली आणि प्रवेशावर नियंत्रण असलं, तरी लोकांना तिथं ये-जा करता येत असेल तर ती सार्वजनिक जागा, असं पूर्णपीठानं म्हटलं. नागपूर खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचं आहे, म्हणून विदर्भातल्या दाव्यांमध्ये हा निकाल रोज वाचला जातो.

ही कसोटी जिनिंगला लावून पाहा. सीसीआयची खरेदी चालू आहे. पन्नास गावांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप आणि बंड्या येऊन रांगेत लागल्या आहेत. मापारी, हमाल, ग्रेडर, चहावाला, सोबत आलेली बायामाणसं, सगळे आत आहेत. चौकीदार गाडीचा नंबर लिहून घेतो आणि कापूस आहे म्हटल्यावर आत सोडतो. हा प्रवेश नियंत्रित आहे, पण लोकांसाठीच आहे. बाजार समितीच्या यार्डाबद्दल तर वादालाही जागा कमी. कॉलेजच्या आवाराचंही तसंच: तिथं विद्यार्थी येतात, पालक येतात, परीक्षेच्या दिवशी अर्धा तालुका येतो.

मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगतो. लायसनचं कलम ३, वयाचं कलम ४, हेल्मेटचं कलम १२९ आणि विम्याचं कलम १४६, या सगळ्यांत "सार्वजनिक जागा" हे शब्द आहेत. म्हणून स्वतःच्या वावरात, धुऱ्याच्या आत, तुम्ही विनालायसन वखरणी केली तर कलम ३ चा गुन्हा होत नाही. वावरातून निघून पांदण रस्त्याला चाक लागलं की मात्र ते संपलं, कारण पांदण गावाची आहे. पूर्ण बंद, बाहेरच्या माणसाला येताच येत नाही अशा आवारात फक्त लायसन नसल्याचा दंड झाला तर त्याला वकील आव्हान देऊ शकतो, आणि तिथं विशाखापट्टणमचा निकाल त्याच्या कामाला येईल. माझ्या मते खासगीपणाचा फायदा एवढाच आहे.

आरसीचं वेगळं आहे. नोंदणीच्या कलम ३९ मध्ये "सार्वजनिक जागेत किंवा दुसऱ्या कोणत्याही जागेत" असं स्पष्ट लिहिलं आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ मध्ये जागेची अटच नाही. अपघातानंतर जखमीला डॉक्टरकडे नेणं आणि २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवणं हे कलम १३४ प्रमाणे चालकावर बंधनकारक आहे, आणि त्यातही गेटच्या आत-बाहेर असा फरक केलेला नाही.

लहान पोराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. सोळा वर्षांच्या पोराला लायसन मिळते असं बरेच जण सांगतात. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलसाठी आहे. ट्रॅक्टरला अठराच लागतात.

एक उदाहरण घेऊ. घटना कल्पित आहे, हिशेब कोर्टात होतो तसाच आहे. जिनिंगमध्ये रांग पुढे सरकते. बाप काट्यावर पावती घ्यायला गेला आहे आणि सोळा वर्षांच्या पोराला म्हणतो, "जरा मागं घे." ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉली उलट्या बाजूला वळते, हे नवख्याच्या लक्षात राहत नाही. मागं गंजीजवळ उभा असलेला ३८ वर्षांचा हमाल ट्रॉली आणि भिंतीच्या मधात सापडतो आणि मरतो. त्याची कमाई महिन्याला १२,००० रुपये. घरी बायको, दोन लेकरं आणि आई.

सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं नुकसानभरपाई अशी निघते. चाळिशीच्या आतल्या, पगारी नोकरी नसलेल्या माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे महिन्याला १६,८०० रुपये. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे झाले १,५१,२००. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे. गुणाकार २२,६८,००० रुपये. अंत्यसंस्कार आणि घरच्यांनी माणूस गमावल्याबद्दलच्या ठरलेल्या रकमा त्यावर वेगळ्या.

हे पैसे कोण देणार? हमालाची बायको दावा न्यायाधिकरणात जाणार, हे नक्की. कलम १६५ मध्ये "मोटार वाहनाच्या वापरामुळे झालेला अपघात" एवढंच आहे, जागेची अट नाही. विमा कंपनीचा वकील पहिली हरकत घेतो ती बहुतेक मेसेजमधलीच: अपघात खासगी जागेत झाला, कायद्यानं सक्तीचा विमा सार्वजनिक जागेपुरता आहे, म्हणून आमची जबाबदारी नाही. न्यायाधिकरणानं ते मान्य केलं आणि पॉलिसीच्या अटींमध्ये जास्तीचं संरक्षण नसेल, तर पूर्ण रक्कम ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर येते. मान्य केलं नाही आणि १९८८ च्या पूर्णपीठाप्रमाणे जिनिंगचं यार्ड सार्वजनिक जागा ठरलं, तर तिथं लायसन लागत होतं हेही त्याच क्षणी ठरलं. पोराजवळ ते नव्हतं, आणि ट्रॅक्टर बापानं स्वतः त्याच्या हाती दिला होता. अशा वेळी २००४ च्या स्वर्णसिंह निकालाच्या धर्तीवर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला सांगतं की आधी विधवेला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे जागा खासगी धरा की सार्वजनिक, बावीस-तेवीस लाख त्या कास्तकाराच्याच वावरातून निघतात. दावा करणाऱ्याला इतकाच फरक पडतो की एका वाटेनं पैसे लवकर मिळतात, आणि दुसऱ्या वाटेनं मालकाची जमीन विकली जाईपर्यंत थांबावं लागतं.

फौजदारी बाजू वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, भरधाव गाडी चालवण्याचं, सार्वजनिक मार्गापुरतं आहे. पण निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याच्या कलम १०६ मध्ये जागेचा उल्लेख नाही, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९क लागलं, तर बाप किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, १२ महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आपल्या नकळत ट्रॅक्टर नेला हे सिद्ध केलं तर सुटका आहे. "जरा मागं घे" असं चार हमालांनी ऐकलेलं असताना ते कसं सिद्ध करणार?

राहिला आपसात मिटवण्याचा विषय. तिथं गरिबाचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. संध्याकाळी लाख-दीड लाखात बोलणं होतं, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतात, पोलिसांत कळवत नाहीत. शवविच्छेदन होत नाही, घटनास्थळाचा पंचनामा होत नाही, ट्रॅक्टर रात्रीच घरी जातो. दोन महिन्यांनी बायको वकिलाकडे येते तेव्हा कोणत्या वाहनानं, कुठं, कसा माणूस मेला याचा एकही सरकारी कागद तिच्याजवळ नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनं दावा करायला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती मागं चालूच असते. मृत्यूचा गुन्हा तडजोडीनं मिटत नाही, म्हणून मालकही त्या स्टॅम्प पेपरनं सुटत नाही. पुढं तक्रार झाली तर "लपवलं" हे त्याच्याविरुद्ध आणखी एक वाक्य होतं.

म्हणून असं काही घडलं तर पंचनामा होत असताना जवळ उभे राहा, मग तुम्ही कोणत्याही बाजूचे असा. "अमुक जिनिंगचं आवार" एवढंच लिहून पोलीस पुढं जातात आणि नंतर तीन वर्षं वाद चालतो तो याच शब्दांवर. गेट उघडं होतं का, त्या दिवशी खरेदी चालू होती का, रांगेत बाहेरगावच्या किती गाड्या होत्या, चौकीदारानं नोंद केली ते रजिस्टर कुठं आहे, हे त्याच कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा.