फाटकावरची बारा मिनिटं आणि अठरा लाखांचा जीव

"रेल्वे फाटकावर पूल झाला की बारा मिनिटं वाचणार म्हणे, आणि त्याचे अहवालात कोटी रुपये! बारा मिनिटांनी कुणाच्या खिशात दमडी तरी येते का? वर माणसाच्या जीवाला एक कोटी किंमत लावलीय. तोच जीव वीस वर्षांनी वाचणार असेल तर आज फक्त अठरा लाख! मिनिटं मिनिटांत मोजा, जीव जीवांत. पैसा मध्ये आणू नका." (सांगलीत सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरणारा मेसेज)

वाहनमोजणीचे तक्ते घेऊन मी अशा फाटकांवर बरेच दिवस काढलेत, म्हणून लिहितोय.

खिशापासून सुरुवात करू. फाटक पडलं की काय होतं बघा. ऊसाच्या डबल ट्रॉलीवाला इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतो. त्याच्या मागे हळदीचा टेम्पो, मार्केट यार्डाला निघालेला. टेम्पोच्या ड्रायव्हरला मालक त्या वेळेचे पैसे देतोच आहे, ते कुणाच्या तरी खिशातूनच जातात. त्या दोघांमध्ये अडकलेल्या मोटरसायकलवाल्याला मात्र पगार मिळत नाही, तो मुलाला शाळेतून आणायला चाललाय. त्याची वेळ फुकट म्हणायची का? एसटी सोडून जादा पैसे देऊन वडापला बसणारा माणूस रोज आपल्याच वेळेचा भाव सांगत असतो. म्हणून या दोन वेळा वेगळ्या धरतात. जागतिक बँकेच्या जुन्या मार्गदर्शनात कामावरच्या तासाला मजुरीच्या १.३३ पट धरायला सांगितलं होतं, कारण मालकाला मजुरीवरचाही खर्च पडतो. स्वतःच्या खाजगी कामात जाणाऱ्या तासाला माणशी उत्पन्नाचे साधारण ३० टक्के.

मेसेजवाल्याला वास बरोबर आलाय, फक्त खोट चुकीच्या जागी शोधलीय. खोट मोजणीत असते. हिशेबापुरतं धरू की फाटकावरून दिवसाला १२,००० वाहनं जातात आणि ते ३० वेळा, दर खेपेला ८ मिनिटं बंद असतं. म्हणजे एकूण २४० मिनिटं, दिवसाचा सहावा हिस्सा. वाहनं सारख्या अंतरानं येतात असं मानलं तर अडकतात ती २,०००. बाकीच्या १०,००० गाड्या फाटक उघडं असताना सरळ निघून जातात, त्यांचं काहीच वाचत नाही. अडकलेल्यांतही कुणी फाटक पडताना पोचतो, कुणी उघडताना, म्हणून सरासरी थांबणं ४ मिनिटांचं. रांग सुटायला आणखी २ धरा. झाले २०० वाहन-तास. रांग सुटत असताना येऊन टेकणाऱ्यांचे थोडे वाढतील.

आता प्रत्येक वाहनाला १२ मिनिटं लावली तर हेच २,४०० तास होतात. बरोबर बारा पट! आणि ही बारा मिनिटं येतात कुठून, तर सर्वेक्षणाच्या दिवशी कुणीतरी नोंदवलेल्या सगळ्यात वाईट खेपेतून.

वाहनात दोन माणसं धरली तर ४०० माणूस-तास. त्यातला पाव हिस्सा कामावरचा, मजुरी आणि उत्पन्न दोन्ही तासाला १०० रुपये. कामावरच्या वेळेचे १३,३०० आणि उरलेल्याचे ९,००० मिळून दिवसाला २२,३०० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरून सुमारे ६७ लाख. फुगवलेल्या मोजणीवर सरसकट पूर्ण मजुरी लावली की १४ कोटी ४० लाख. पूल ३० कोटींचा असेल, तर ६७ लाखांत तो एकट्या वेळेवर उभा राहत नाही. डिझेल, अपघात, वाढणाऱ्या गाड्या हे सगळं धरावं लागतं, आणि कधीकधी तरीही राहत नाही.

आता जीव. मघाच्या त्याच रांगेत एक रिक्षा होती. आतल्या दोन बायका उतरल्या, पिशव्या काखेत धरल्या आणि दांड्याखालून वाकून पलीकडे गेल्या. चार मिनिटांसाठी त्यांनी थोडासा धोका पत्करला. असे सौदे आपण सगळेच करतो, आणि त्या एक कोटीचा उगम तिथेच आहे. समजा, ५०,००० माणसं हा रस्ता वापरतात आणि पुलामुळे प्रत्येकाचा मरणाचा धोका वर्षाला ५० हजारांत एक इतका कमी होतो. एवढ्या फरकासाठी प्रत्येक जण वर्षाला २०० रुपये द्यायला तयार असेल तर बेरीज एक कोटी होते, आणि त्या वर्षी सरासरीनं एक मृत्यू टळतो. कुणाचा, ते कुणालाच माहीत नसतं. हा भाव धोक्याच्या त्या बारीक तुकड्याचा आहे. नाव-गाव असलेल्या माणसाला कुणी विकायला काढलेलं नाही.

लाज वाटावी अशी पद्धत वेगळी आहे: माणूस गेल्यावर किती कमाई बुडाली तेवढीच त्याची किंमत धरायची. मोटार अपघात दाव्यात उत्पन्नाला वयाच्या गुणकानं गुणतात ते ठीकच, तिथे मागे राहिलेल्या घराला भरपाई द्यायची असते. तोच आकडा पुलाच्या हिशेबात घातला, की सत्तरीतली आजी जवळपास शून्यावर येते.

आणि अठरा लाख. गणित चुकलेलं नाही: एक कोटीला ९ टक्क्यांनी वीस वर्षं मागे आणलं की १७ लाख ८४ हजार येतात. (हा ९ टक्के दर आशियाई विकास बँकेचा, २०१७ पासूनचा. त्याआधी साधारण १२ होता, त्यानं तर १० लाख ३७ हजारच आले असते.) गाळलेली पायरी त्याच्या आधीची आहे. वीस वर्षांनी वाचणाऱ्या जीवाला त्या वर्षाचा भाव लावायचा असतो. लोकांचं उत्पन्न महागाई वजा जाता वर्षाला ४ टक्के वाढलं, आणि धोका टाळायला ते त्याच प्रमाणात जास्त मोजायला तयार झाले, तर आजचा एक कोटी तेव्हा २ कोटी १९ लाख असेल. मग तो ९ टक्क्यांनी मागे आणा, म्हणजेच डिस्काउंट करा, ३९ लाख येतात. तासाच्या भावालाही हेच लागू.

ब्रिटनच्या अर्थखात्याचे नियम हीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं करतात. इतर फायद्यांना ३.५ टक्के आणि आरोग्याला १.५ टक्के दर, कारण जीवाच्या वाढत्या भावाचे २ टक्के दरातूनच काढलेले असतात. मात्र एका अहवालात भावही वाढवला आणि दरही कमी केला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली गेली. अहवाल हातात आला की मी आधी हे पान उघडतो.

उरलं ते मिनिटं मिनिटांत आणि जीव जीवांत ठेवण्याचं. रेल्वे थोडंफार तसंच करते: दिवसातल्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या, त्याला टीव्हीयू म्हणतात, आणि तो आकडा एक लाखाच्या पुढे गेला की खर्च वाटून उड्डाणपूल घेता येतो. दर खेपेला एक रेल्वेगाडी धरली तर आपल्या फाटकाचा तीन लाख साठ हजार होईल. कुठल्या फाटकावर गर्दी जास्त, ते त्यातून कळतं. ३० कोटी इथे घालावेत की मिरजेला पोचणाऱ्या पेशंटसाठी आणखी अँब्युलन्स घ्याव्यात, ते त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा मोठा घोळ डिस्काउंटमध्ये होतो. पैशाला ९ टक्के लावले आणि जीव मात्र तसेच ठेवले, तर ३० कोटी यंदा बँकेत ठेवणं फायद्याचं दिसतं, कारण पुढच्या वर्षी व्याजासकट त्यातून जास्त जीव वाचवता येतील. पुढच्या वर्षी पुन्हा तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही. असा पूल कधीच होत नाही.

अहवालावर हरकत घ्यायचीच असेल तर फाटकावरच्या गेटमनची नोंदवही मागा. फाटक किती वाजता पडलं आणि किती वाजता उघडलं, ते त्यात खेपेगणिक असतं.