वाईट वाटणारा चेहरा शोधताना

आमचे सर नोकरी सोडून चालले होते. ऑफिसच्या चॅट ग्रुपवर त्यांनी स्वतःच निरोप टाकला आणि दोन मिनिटांत सगळ्यांनी रडके चेहरे टाकायला सुरुवात केली, आणि मी मात्र पिवळ्या गोळ्यांच्या त्या समुद्रात खाली वर खाली वर करत बसलो होतो. साडेतीन हजारांच्या वर इमोजी आहेत हो, त्वचेचे रंग वगैरे धरून, आणि मला त्यातला एक पाहिजे होता, साधा, वाईट वाटल्याचा. प्राण्यांपर्यंत जाऊन आलो. झेंड्यांपर्यंत गेलो. झेंड्यांपर्यंत गेलं की समजायचं आपण हरवलोय, कारण ते सगळ्यात शेवटी असतात.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "अहो, विंडोज डॉट दाबा ना." मी मुकाट्याने मेसेजच्या डब्यात टाईप केलं `windows.` आणि वाट बघत बसलो. काही होईना. मग ती उठून आली, कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या बोटाने टिंबाचं बटण दाबलं. `Win + .` एवढंच. टपकन एक छोटी खिडकी उघडली, तिच्यात इमोजी. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे म्हणे, म्हणजे तेव्हापासून मी जे स्क्रोलिंग केलं ते सगळं वाया. (मॅकवाल्यांना `Control + Command + Space` लागतं, तीन बोटं आणि थोडा योगाभ्यास.)

"आता नुसतं टाईप करा, ते शोधतं," असं सांगून ती गेली. मी `sad` टाईप केलं. माझा कीबोर्ड मराठीवर होता, त्यामुळे डब्यात काहीतरी भलतंच उमटलं आणि रिझल्ट शून्य. `Win + Space` दाबून भाषा इंग्रजी केली, परत `sad`, आणि आले की चेहरे, चार-पाच, सगळे उतरलेले, एकाच घरातले वाटावेत असे. त्यातला एक निवडला, भुवया पडलेल्या, एक निळा थेंब. सुंदर. लिहिलं, "सर, तुम्ही जाताय, खूप वाईट वाटतंय 😥" आणि सेंड.

पाच मिनिटांनी ग्रुपमध्ये हसण्याचे इमोजी यायला लागले. माझ्या मेसेजखाली.

आमच्या त्या चॅटमध्ये इमोजीवर माऊस नेला की त्याचं नाव दिसतं. कुणीतरी रिकामटेकड्याने नेला होता. नाव होतं `:disappointed_relieved:`. युनिकोड नावाची जी संस्था ही चिन्हं ठरवते, तिच्याकडे या चेहऱ्याचं अधिकृत नावच तसं आहे, निराश पण सुटका झालेला चेहरा. म्हणजे मी सगळ्यांसमोर सरांना लिहिलं होतं की सर, वाईट वाटतंय, पण सुटलो बाबा एकदाचे. आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं, पण असं लेखी कोण देतं?

त्या रात्री मी भाच्याला पकडलं. "मामा, तू थेंब कुठाय ते बघतच नाहीस," तो म्हणाला आणि त्याने मला जो धडा दिला तो कुठल्याही शाळेत मिळाला नव्हता. थेंब वर, भुवईपाशी असेल तर तो घाम. 😥 म्हणजे घाम फुटलेला माणूस. थेंब डोळ्याखाली गालावर असेल तर अश्रू, तो 😢, त्याचं नाव `:cry:`. आणि नाकाजवळ लोंबकळतोय तो थेंब नाहीच, तो फुगा आहे, जपानी कॉमिक्समध्ये झोपलेल्या माणसाच्या नाकातून तसा फुगा काढतात, म्हणून 😪 चं नाव `:sleepy:`. हे ऐकून मला आठवलं की कुणी आजारी असल्याचं कळलं की मी आजवर इमानदारीत तोच फुगा पाठवत आलोय. म्हणजे तू आजारी आणि मला झोप येतेय.

शोधताना प्रसंग टाईप करू नको, चित्रात काय दिसतंय ते टाईप कर, असंही त्याचं म्हणणं. निरोप, दुःख, सहानुभूती हे त्या यंत्राला फारसं कळत नाही, त्याच्याकडे प्रत्येक चित्राचं एक नाव आणि जोडीला थोडे शब्द असतात, त्यात आपला शब्द असला तर चित्र येतं. म्हणून `cry` बरं. पण मी हुशारी करून `tear` टाकलं, आणि अश्रूंच्या रांगेत 😂 पण हजर, कारण त्याचं नावच आनंदाश्रूंचा चेहरा आहे. बरं झालं ते सरांच्या वेळी सुचलं नाही.

आमच्या चॅटमध्ये तर खिडकीही उघडावी लागत नाही, अपूर्णविराम टाकून नाव लिहायला लागलं की यादी येते, `:cry` एवढं लिहिलं आणि एंटर. यादीतलं पहिलं चित्र बघून मग एंटर, हे मला दोनदा भलतंच गेल्यावर समजलं. आणि हो, त्या विंडोजच्या खिडकीत चिन्हांचा वेगळा टॅब आहे, ° आणि → तिथे मिळतात. पूर्वी मी ते दुसऱ्या फायलीतून कॉपी करून आणायचो, उसने आणल्यासारखे.

मग मला चढलं. फोनवरही शॉर्टकट पाहिजेत. आयफोनमध्ये `Settings`, मग `General`, `Keyboard`, आणि आत `Text Replacement`. तिथे वर चित्र घालायचं, खाली आपला शॉर्टकट, की तेवढी अक्षरं टाईप करून स्पेस दिली की चित्र येतं. मी सगळ्यात जास्त वापरतो ते 😂, म्हणून त्याला दोनच अक्षरं दिली, `ha`. हसण्याला हा, अगदी लॉजिकल.

आता मी रोमन अक्षरांत मराठी टाईप करतो तेव्हा होकाराला काय लिहितो? तेच. नवीन सरांनी विचारलं, "उद्याचं प्रेझेंटेशन तयार आहे ना?" मी लिहिलं `ha ready aahe` आणि गेलं "😂 ready aahe". बायकोने विचारलं, "चिडला नाहीस ना?" गेलं "😂 nahi". ते तिला अजिबात पटलं नाही. दोन दिवस मला वाटत होतं लोक असे विचित्र का वागताहेत माझ्याशी. भाचा म्हणाला, मामा, शॉर्टकट असा ठेव जो तू जन्मात दुसऱ्या कशासाठी लिहिणार नाहीस, म्हणून आता `hsq` ठेवलंय. त्याच्या अँड्रॉइडवर बरं आहे, जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट ठेवला तरी चित्र आपोआप घुसत नाही, वरच्या पट्टीत येऊन उभं राहतं, तुम्ही बोट लावलं तरच आत येतं. सभ्य आहे ते.

सरांचा शेवटचा दिवस झाला. जाताना त्यांनी प्रत्येकाला वेगळा मेसेज केला होता, मला पण आला, "तुझ्यासोबत काम करून छान वाटलं. ग्रुप सोडताना मलाही वाईट वाटतंय 😥".

मी त्यावर माऊस नेऊन बराच वेळ बसलो होतो.