मक्याचा युरिया एकदाच टाकावा का?

"मक्याला युरियाचे तीन-तीन हप्ते कशाला? पेरणीनंतर पंधरा दिवसांनी सगळा एकदाच फेका, मजुरी वाचते. जमिनीत गेलेलं नत्र कुठं पळून जात नाही. वरून पाऊस आला तर सोन्याहून पिवळं. आणि युरियाला निंबाचं कोटिंग असतंच, त्यामुळे वाया काही जात नाही."

"कुठं पळून जात नाही"

पळून जातं, आणि ते घरी बसून बघता येतं. आपल्याच रानातली ओली काळी माती काचेच्या बरणीत अर्धी भरा. वर चमचाभर युरिया पसरा. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, त्याची पट्टी पुन्हा ओली करून बरणीच्या तोंडाशी आतून लटकवा आणि झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते, झाकण उघडलं की नाकात झिणझिण्या येतात. तो अमोनिया, म्हणजे तुमच्या पोत्यातलं नत्र.

मातीतलं युरिएज हे विकर युरिया फोडतं, तेव्हा दाण्याभोवतीची माती काही दिवस जास्तच अल्कधर्मी होते. आपली चुनखडीची काळी जमीन मुळातच त्या बाजूला झुकलेली, म्हणून अमोनियाचा वायू व्हायला वेळ लागत नाही. दाणा वरच राहिला तर तो वायू हवेत जातो. तोच दाणा दोन बोटं मातीआड असला तर माती अमोनिया धरून ठेवते. ही दोन बोटं मातीच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

"पाऊस आला तर सोन्याहून पिवळं"

कोणता पाऊस, ते बघायला हवं. भुरभुर किंवा नुसतं दव सगळ्यात वाईट: दाणा विरघळतो, पण खाली उतरत नाही. चांगली सर आली, दहा-पंधरा मिलिमीटरची, तर युरिया मुळांशी जातो आणि वायूची नासाडी थांबते. इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण एक-दोन आठवड्यांत मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात, नायट्रेटला नाही. मग झड लागली की हलक्या, मुरमाड रानात ते पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातं. भारी जमिनीत पाणी साचलं तर हवेअभावी त्याचा वायू होऊन उडतं. पंधरा दिवसांच्या रोपाची मुळं एवढीशी, त्याला त्या नत्रातलं जेमतेम लागतं. खरी भूक मका गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत असते.

"निंबाचं कोटिंग असतंच"

असतं, २०१५ पासून सगळ्या युरियाला सक्तीचं आहे. पण निंबाचं तेल अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करतं. म्हणजे निचऱ्याची नासाडी काहीशी घटते. युरिएजला ते फारसं अडवत नाही, त्यामुळे उघड्यावर फेकलेला निमकोटेड युरिया उडायचा तो उडतोच.

गंधकाचा लेप असलेला युरिया वेगळा. तो हळूहळू विरघळतो, म्हणून पावसाळी रानात उपयोगी. मात्र त्यात नत्र ३७ टक्के, साध्या युरियात ४६. साध्याच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र, लेपाच्या ४० किलोच्या पोत्यात १४.८. पोत्याला पोतं असा बदल केला की पीक उपाशी राहतं, आणि मग बोल त्या खताला लागतो.

"मजुरी वाचते"

हिशोब एका एकराचा करू. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी ४८. तीन सारखे हप्ते केले तर दर हप्त्याला १६ किलो. पेरणीला एक पोतं डीएपी दिलं तर त्यातून ९ किलो नत्र आलंच. मग सोबत फक्त १५ किलो युरिया. पुढे तिसाव्या दिवशी ३५ किलो आणि चाळीस-पंचेचाळीसाव्या दिवशी पुन्हा ३५. एकूण दोन पोत्यांपेक्षा थोडा कमीच.

वेगळी मजुरीही फारशी लागत नाही, कारण दुसरा हप्ता कोळपणीच्या आधी द्यायचा आणि तिसरा भर लावताना. वाफसा बघून ताटापासून चार बोटांवर ओळीने टाकायचा आणि लगेच मातीआड करायचा. पोतं स्वस्त आहे, त्यामुळे वाचलेल्या युरियाच्या किमतीत मजुरी भरून निघणार नाही, हे खरं. ती निघते कणसात.

झड सुरू असेल तर हप्ता पुढे ढकला. तुरा पडून गेल्यावर मात्र राहिलेला युरिया टाकून फार हाती लागत नाही.

एकदाच टाकलेल्या रानात चाळिसाव्या दिवशी चक्कर मारा आणि ताटाची खालची पानं बघा. टोकापासून मधल्या शिरेवरून मागे सरकत जाणारा, इंग्रजी व्ही सारखा पिवळा पट्टा दिसला, तर ती नत्राची भूक आहे. वरची पानं तेव्हाही हिरवीच असतात, कारण ताट खालच्या पानांतलं नत्र काढून वर पाठवत असतं.