निम्मे माप आणि फाटलेली नळी

"बंदुकीची दारू ती दारूच. उघड्यावर पेटवून बघा, बिनधुराची दारू काळीपेक्षा किती संथ जळते, म्हणजे ती सौम्यच. ठासणीच्या बंदुकीत निम्मं माप भरा, धूर नाही आणि जोर तोच. मी तीनदा उडवली, काही झालं नाही."

उघड्यावरचे निरीक्षण खरे आहे, आणि घात त्यातच आहे. चिमूटभर काळी दारू ठिणगी लागताच भपकन उडते, तर बिनधुराची पिवळ्या ज्योतीने सावकाश जळते. पण हे झाले मोकळ्या हवेत. बंद नळीत चित्र उलटते.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती किती वेगाने जळणार हे मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरते, दाबाचा परिणाम त्या मानाने थोडा. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि तिचा दाणा पृष्ठभागावरून थराथराने जळतो. भोवतीचा दाब वाढला की ज्वाला दाण्याला अधिक चिकटते, पृष्ठभाग जास्त तापतो आणि पुढचा थर लवकर जळतो. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये अशी दारू तयार करणाऱ्या पॉल व्हिएयच्या नावाने हा संबंध मांडला जातो:

r = a·Pⁿ

r म्हणजे जळण्याचा वेग, P म्हणजे दाब, a हा त्या दारूचा ठरावीक आकडा. सगळी गोम त्या n मध्ये आहे. बिनधुराच्या दारूसाठी तो साधारण ०.९ च्या आसपास असतो, काळीसाठी बराच कमी; उदाहरणापुरता ०.३ धरू. आता दाब मोकळ्या हवेच्या हजारपट झाला, तर काळीचा वेग सुमारे ८ पट होईल आणि बिनधुराचीचा सुमारे ५०० पट. इतक्या मोठ्या पल्ल्यावर हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण कल स्पष्ट आहे. बिनधुराच्या दारूत वाढलेला दाब जळण्याचा वेग वाढवतो, आणि तो वेग पुन्हा दाब वाढवतो. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करेल तेवढाच या चक्राला लगाम. गोळी घट्ट बसलेली असेल किंवा जड असेल, तर दाबाचा आलेख सुळक्यासारखा वर जातो. काळीचा आलेख बुटका असतो, आणि तिच्यासाठी बनवलेल्या नळ्या त्याच बेताने घडवलेल्या असतात.

मापाचा हिशोबही फसवा आहे. काळी दारू जळाल्यावर वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. तोच दाट पांढरा धूर आणि नळीतली काजळी. बिनधुराची जवळजवळ पूर्ण वायू होते, म्हणून तेवढ्याच वजनात सुमारे तिप्पट वायू निघतो. निम्म्या वजनातही तो दीडपट झाला, आणि तो किती झपाट्याने निघेल हे माप सांगतच नाही. शिवाय काळी दारू भांड्याने, आकारमानाने मोजायची रूढी आहे. बिनधुराच्या वेगवेगळ्या दारूंची घनता वेगळी, जळण्याची गतीही वेगळी. पिस्तुलासाठीची झटपट जळणारी आणि रायफलीची संथ दारू एकाच चमच्यात सारख्याच दिसतील.

.४५-७० हे काडतूस घ्या. नावातला ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन, सुमारे साडेचार ग्रॅम. तेवढ्यात पुंगळी जवळजवळ भरते, त्यामुळे चुकून दुप्पट भरणे शक्यच नव्हते. याच काडतुसात आज बिनधुराची दारूही भरतात, पण विशिष्ट दारूचे, त्या काडतुसासाठी तपासलेले वजन घेऊन, आणि तेही दाबाच्या २८,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर २८,००० पौंड, या मर्यादेत. बिनधुरासाठीच जन्मलेल्या .३०-०६ ची मर्यादा ६०,००० आहे. झटपट जळणारी दारू मोठ्या पुंगळीच्या तळाशी थोडीशीच दिसते. दुसऱ्यांदा ओतली तरी वर जागा उरते आणि नजरेला काही खटकत नाही.

तीनदा सुखरूप उडाली, याने फक्त एवढेच कळते की त्या तीन वेळी नळी फाटली नाही. धातू आधीच ताणला गेलेला असू शकतो. ठासणीच्या बंदुकीत घोडा मागे उडाला, टोपी बसवायच्या निपलचे भोक मोठे झाले, नळीच्या मागच्या बुचाच्या आट्यांतून काजळी बाहेर आली, किंवा उजेडाकडे धरून पाहताना नळीत गोल काळी कडी दिसली, तर ती बंदूक पुन्हा उडवू नये. अशी एकही खूण न दिसता नळी फाटल्याचेही घडते.

उलटा प्रयोगही चालत नाही. काळी दारू आधुनिक स्वयंचलित बंदुकीत यंत्रणा पुरेशी ढकलत नाही, काजळीने वायूची वाट तुंबते, आणि काडतुसे भरायच्या ज्या यंत्रात बिनधुराची निर्धास्त वापरतात तिथे घर्षणाची ठिणगी काळीला पुरते.

रंगावरून ओळखायला जाऊ नये. बिनधुराच्या दाण्यांनाही ग्रॅफाइटचा लेप असतो, म्हणून तेही काळेच. मूळ डबा नसलेली दारू कुठल्याही बंदुकीत जाऊ नये.